डब्ल्यूडीव्ही की सरळ रेषा? घसाऱ्याच्या पद्धतीने एनपीव्ही कसा बदलतो, ते एका यंत्राच्या आकड्यांतून

यंत्रखरेदीचा पहिला प्रस्ताव माझ्याकडे तपासायला आला, तेव्हा मी ताळेबंदाच्या फाइलमधला घसारा जसाच्या तसा उचलून तक्त्यात टाकला. एनपीव्ही, म्हणजे पुढच्या वर्षांतल्या रोखीचं आजचं मूल्य वजा यंत्राची किंमत, उणे आला आणि प्रस्ताव परत पाठवायची टिपणीही मी लिहून ठेवली. ती वाचून वरिष्ठांनी एवढंच विचारलं, "हा घसारा हिशेबवह्यांमधला आहे की कर विवरणपत्रातला?" तो हिशेबवह्यांमधला होता. करासाठीचा घसारा घालून तोच तक्ता पुन्हा केला, तर एनपीव्ही शून्याच्या वर गेला. यंत्र, त्याची किंमत आणि दरवर्षीचं उत्पन्न यांत काहीही बदललं नव्हतं. फक्त कर कोणत्या वर्षी किती वाचतो, ते बदललं होतं.

पहिल्यांदाच असा तक्ता करणाऱ्यासाठी हे लिहितोय. एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. शेजारी कोरं स्प्रेडशीट उघडून आकडे स्वतः टाकत वाचलंत तर जास्त पक्कं बसेल.

## आधी हाताशी काय हवं

- यंत्राची एकूण किंमत, म्हणजे वाहतूक आणि उभारणीचा खर्च धरून
- करकायद्याप्रमाणे त्या मालमत्तेला लागू असलेली पद्धत आणि दर (कंपनीच्या मागच्या कर विवरणपत्राबरोबरचा घसारा तक्ता मिळाला तर उत्तम)
- यंत्र किती वर्षं वापरणार आणि शेवटी विकून काय येईल याचा अंदाज
- कराचा दर आणि भांडवलाचा खर्च, म्हणजे वटावाचा दर
- कंपनीला बाकी धंद्यातून करपात्र नफा होतो का, याचं उत्तर

शेवटचा मुद्दा बहुतेक जण विचारतच नाहीत. त्याचा हिशेब आठव्या पायरीत आहे.

## १. कोणता घसारा घ्यायचा ते आधी ठरवा

घसारा हा रोख खर्च नाही. यंत्राचे पैसे पहिल्याच दिवशी गेलेले असतात. पुढे दरवर्षी घसारा लिहिला म्हणून बँकेतून एक पैसाही बाहेर जात नाही. मग एनपीव्हीत त्याचं काम काय? करपात्र नफा कमी करणं, एवढंच. घसारा गुणिले कराचा दर इतका कर वाचतो आणि ही बचत मात्र खरी रोख असते.

म्हणून इथे फक्त करकायद्याला मान्य असलेला घसारा चालतो. भागधारकांना दाखवायच्या हिशेबात कंपनी सरळ रेषा वापरत असेल आणि करासाठी डब्ल्यूडीव्ही, म्हणजे घटत्या शिलकेची पद्धत, तर एनपीव्हीत डब्ल्यूडीव्हीच येणार. हिशेबवह्यांमधली पद्धत बदलली म्हणून कर बदलत नाही, आणि कर बदलला नाही तर एनपीव्हीही हलत नाही. या दोन घसाऱ्यांतल्या फरकामुळे ताळेबंदात स्थगित कराची नोंद दिसते. तीसुद्धा रोख नाही, तिला तक्त्यात जागा देऊ नका.

पद्धत निवडायची मुभा सगळीकडे सारखी नसते. भारतात करासाठी बहुतेक धंद्यांना मालमत्तांच्या गटावर डब्ल्यूडीव्हीनेच घसारा मिळतो. वीजनिर्मिती कंपन्यांना मात्र सरळ रेषेचा पर्याय दिलेला आहे. अमेरिकेत यंत्रसामग्रीसाठीची नेहमीची पद्धत घटत्या शिलकेने सुरू होते आणि पुढे सरळ रेषेने जास्त घसारा मिळू लागला की त्या वर्षापासून तिकडे वळते. त्यामुळे खालची तुलना कधी खरी निवड करण्यासाठी लागते, तर कधी कायद्याने दिलेली पद्धत प्रकल्पाला कितपत पोसते हे समजून घेण्यासाठी.

## २. सरळ रेषेचा तक्ता मांडा

आपलं यंत्र १०,००,००० चं आहे. ५ वर्षं चालेल, शेवटी भंगारात काहीच येणार नाही. कराचा दर ३० टक्के, वटावाचा दर १० टक्के. घसारा आणि कर वजा करण्याआधी यंत्रापासून दरवर्षी २,८८,००० रोख नफा येतो. कर त्याच वर्षाच्या अखेरीस भरला जातो असं धरू आणि कंपनीला इतर धंद्यातून भरपूर नफा आहे असंही तूर्त मानू.

सरळ रेषेत किंमत भागिले वर्षं, म्हणजे दरवर्षी २,००,००० घसारा. त्यावर ३० टक्क्यांनी ६०,००० कर वाचतो, पाचही वर्षं तेवढाच. एकूण बचत ३,००,०००. हा आकडा लिहून ठेवा, पुढे पडताळ्याला लागेल.

## ३. डब्ल्यूडीव्हीचा तक्ता मांडा

इथे दर मूळ किमतीवर लागत नाही, वर्षाच्या सुरुवातीला उरलेल्या शिलकेवर लागतो. दर ४० टक्के धरू. पहिल्या वर्षी ४,००,००० घसारा आणि शिल्लक ६,००,०००. दुसऱ्या वर्षी त्या ६,००,००० वर ४० टक्के, म्हणजे २,४०,०००. असं पुढे जात राहायचं.

| वर्ष | सुरुवातीची शिल्लक | घसारा | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|
| १ | १०,००,००० | ४,००,००० | ६,००,००० |
| २ | ६,००,००० | २,४०,००० | ३,६०,००० |
| ३ | ३,६०,००० | १,४४,००० | २,१६,००० |
| ४ | २,१६,००० | ८६,४०० | १,२९,६०० |
| ५ | १,२९,६०० | ५१,८४० | ७७,७६० |

पाचव्या वर्षाअखेर ७७,७६० उरले. डब्ल्यूडीव्हीत शिल्लक कधीच शून्यावर येत नाही, कारण प्रत्येक वेळी उरलेल्याचाच एक भाग कापला जातो. यंत्र भंगारात गेलं आणि हातात काहीच आलं नाही, तर ही शिल्लक तोटा ठरते. सध्या असं धरू की तो तोटा पाचव्या वर्षीच धंद्याच्या उत्पन्नातून वजा करू दिला जातो. मग पाचव्या वर्षाची एकूण वजावट १,२९,६०० होते.

या वजावटींवर ३० टक्क्यांनी वाचणारा कर वर्षावर्षाने असा: १,२०,०००, मग ७२,०००, ४३,२००, २५,९२० आणि शेवटी ३८,८८०. बेरीज करून पाहा, ३,००,०००च येते. ती आली नाही तर तक्त्यात चूक आहे आणि पुढे जाण्यात अर्थ नाही. कोणतीही पद्धत घ्या, यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त वजावट मिळत नाही. फरक पडतो तो फक्त ती कधी मिळते याचा.

## ४. दोन्ही बचती आजच्या किमतीला आणा

१० टक्क्यांनी वर्तमान मूल्य काढलं की सरळ रेषेची करबचत २,२७,४४७ भरते आणि डब्ल्यूडीव्हीची २,४२,८९७. फरक १५,४५०.

आता पूर्ण प्रकल्प बघू. २,८८,००० मधून ३० टक्के कर गेला की २,०१,६०० उरतात. पाच वर्षांच्या या रकमेचं वर्तमान मूल्य ७,६४,२२३ होतं. त्यात करबचत मिळवा आणि १०,००,००० वजा करा:

- सरळ रेषेने एनपीव्ही उणे ८,३३०
- डब्ल्यूडीव्हीने एनपीव्ही अधिक ७,१२०

सरळ रेषेने नाकारावा लागणारा प्रकल्प डब्ल्यूडीव्हीने घ्यावासा ठरतो. हे उदाहरण मी मुद्दाम उंबरठ्यावरचं घेतलंय. ज्या प्रकल्पाचा एनपीव्ही दोन लाख येतोय, तिथे घसाऱ्याची पद्धत निर्णय फिरवत नाही. तिथे विक्रीच्या अंदाजावर वेळ घालवा.

एक सापळा इथेच सांगतो, कारण नवखा माणूस हमखास त्यात अडकतो. मी वर कर आधी कापून मग करबचत मिळवली. दुसऱ्या रीतीने करायचं तर घसारा वजा करून करपात्र नफा काढा, कर काढा आणि तो कर मूळ रोख नफ्यातून वजा करा. दोन्ही रीतींनी उत्तर एकच येतं. चूक होते ती दोन्ही रीती अर्ध्या अर्ध्या मिसळल्या की. म्हणजे घसारा वजा करून निघालेला निव्वळ नफा हाच रोख प्रवाह समजला जातो आणि घसारा परत मिळवायचा राहून जातो. पहिल्या वर्षाची एक ओळ दोन्ही रीतींनी करून पाहिली की ही चूक लगेच सापडते.

## ५. फरकाची एक ओळ वेगळी काढा

ही पायरी सहसा शिकवत नाहीत, पण माझ्या मते सगळा विषय इथेच उलगडतो. डब्ल्यूडीव्हीच्या बचतीतून सरळ रेषेची बचत वर्षावर्षाने वजा करा:

- वर्ष १: अधिक ६०,०००
- वर्ष २: अधिक १२,०००
- वर्ष ३: उणे १६,८००
- वर्ष ४: उणे ३४,०८०
- वर्ष ५: उणे २१,१२०

पहिल्या दोन वर्षांत ७२,००० जास्त हातात राहिले, पुढच्या तीन वर्षांत ते ७२,००० परत गेले. हे बिनव्याजी कर्जच आहे. करखात्याने ते दिलं आणि तुम्ही हप्त्याने फेडलं, व्याज मात्र एक पैशाचं नाही. या ओळीचं वर्तमान मूल्य १५,४५० येतं, म्हणजे ते न भरलेल्या व्याजाची आजची किंमत.

कर्ज म्हणून पाहिलं की पुढचे प्रश्न आपोआप सुटतात. वटावाचा दर शून्य असता तर फरकही शून्य असता. पैसा महाग असलेल्या कंपनीला हे कर्ज जास्त मोलाचं. आणि पुढच्या वर्षांत कराचा दर वाढणार असेल, तर घेतले त्याहून जास्त परत करावे लागतील, कारण वजावटीचा मोठा भाग कमी दराच्या वर्षांत आधीच वापरून टाकलेला असेल.

## ६. उरलेल्या शिलकेचं काय होतं ते शोधा

तिसऱ्या पायरीतले ७७,७६० आठवा. त्यावरची करबचत २३,३२८ आणि तिचं वर्तमान मूल्य १४,४८५. कुणी ही शेवटची ओळ विसरलं, तर डब्ल्यूडीव्हीचा १५,४५० चा फायदा घसरून ९६५ वर येतो. एका ओळीच्या विसराने जवळजवळ सगळा फरक पुसला जातो आणि माणूस "दोन्ही पद्धती सारख्याच" असं अनुमान काढून मोकळा होतो.

पण ती शिलकेची वजावट खरंच पाचव्या वर्षी मिळते का, हे कायद्यावर अवलंबून आहे. घसारा मालमत्तांच्या गटावर काढला जात असेल आणि गटात इतर यंत्रं असतील, तर एक यंत्र भंगारात गेलं म्हणून तोटा वेगळा काढता येत नाही. शिल्लक गटातच राहते आणि पुढेही दरवर्षी तिच्या ४० टक्के, मग उरलेल्याच्या ४० टक्के, अशी थेंबाथेंबाने वजावट मिळत जाते. या न संपणाऱ्या मालिकेचं मूल्य काढायला छोटं सूत्र आहे: शिल्लक गुणिले कराचा दर, गुणिले घसाऱ्याचा दर, भागिले घसाऱ्याचा दर अधिक वटावाचा दर.

आपल्या आकड्यांत ७७,७६० × ०.३० × ०.४० ÷ ०.५०, म्हणजे पाचव्या वर्षअखेरीस १८,६६२. आजच्या किमतीला ११,५८८. तोटा एकदम मिळाला असता तर १४,४८५ होते, म्हणजे सुमारे २,९०० कमी झाले. डब्ल्यूडीव्हीचा एनपीव्ही ७,१२० वरून ४,२२३ वर आला.

भारतात गट पूर्ण रिकामा झाला तरी उरलेली रक्कम धंद्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही. ती अल्पकालीन भांडवली तोटा ठरते आणि तो फक्त भांडवली नफ्यातूनच वळता करता येतो. असा नफा नसेल तर तक्त्यात ती बचत धरायचीच नाही. परीक्षेतल्या गणितांत मात्र शेवटच्या वर्षी पूर्ण तोटा वजा करायची सवय लागलेली असते, आणि तीच सवय घेऊन माणूस कामावर येतो.

यंत्र विकून काही रक्कम येणार असेल तर ती रोखीत धरा आणि शिलकेतून किंवा गटातूनही वजा करा. फक्त रोखीत धरली तर उत्तर फुगतं.

## ७. "डब्ल्यूडीव्ही म्हणजे आधी जास्त" हे तपासल्याशिवाय मानू नका

वर मी ४० टक्के घेतले. सरळ रेषेचा वार्षिक दर २० टक्के होता, त्याच्या हा दुप्पट. म्हणून डब्ल्यूडीव्ही पुढे निघाली. आता तेच यंत्र १५ टक्के डब्ल्यूडीव्हीत टाकून पाहा. भारतात सर्वसाधारण यंत्रसामग्रीला हाच दर आहे.

पहिल्या वर्षीचा घसारा १,५०,०००, म्हणजे सरळ रेषेच्या २,००,००० पेक्षाही कमी. पुढच्या वर्षांत तर तो घटतच जातो. पाच वर्षांनंतर ४,४३,७०५ इतकी शिल्लक राहते, जवळजवळ निम्मी किंमत. ती सगळी पाचव्या वर्षी तोटा म्हणून मिळाली असं उदारपणे धरलं तरी करबचतीचं वर्तमान मूल्य २,१३,०६१ येतं, सरळ रेषेपेक्षा १४,३८६ ने कमी. शिल्लक गटात राहिली तर ते १,८०,००० वर येतं आणि प्रकल्पाचा एनपीव्ही उणे ५५,७७७ होतो.

म्हणजे इथे कर्ज उलट्या दिशेने गेलं, तुम्हीच करखात्याला बिनव्याजी उधार दिलंत. म्हणून पद्धतीचं नाव ऐकून निष्कर्ष काढू नका. डब्ल्यूडीव्हीचा दर आणि "१ भागिले आयुष्य" हे दोन आकडे आधी शेजारी ठेवा. डब्ल्यूडीव्हीचा दर त्याहून कमी असेल तर पहिल्याच वर्षापासून ती मागे आहे. थोडाच जास्त असेल तर शेवटच्या शिलकेचं काय होतं यावर निकाल ठरतो, आणि तो पूर्ण तक्ता केल्याशिवाय कळत नाही. यंत्र २० वर्षं चालणारं असेल तर हेच १५ टक्के सरळ रेषेच्या ५ टक्क्यांपुढे भरपूर होतात.

पहिल्या वर्षाचा नियमही इथेच बघून घ्या. भारतात त्या वर्षी यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्म्याच दराने घसारा मिळतो. वर्ष संपता संपता यंत्र सुरू करणाऱ्याच्या तक्त्यातली पहिली, सर्वांत मोलाची वजावट त्यामुळे अर्धी होते.

## ८. वजावट पचवायला नफा आहे का?

आपल्या प्रकल्पाचा पहिल्या वर्षीचा रोख नफा २,८८,००० आणि ४० टक्क्यांचा घसारा ४,००,०००. म्हणजे १,१२,००० तोटा. कंपनीचा इतर नफा असेल तर हा तोटा तिथे वळता होतो आणि वरचे आकडे खरे ठरतात. पण कंपनी नवी असेल आणि हेच तिचं एकमेव यंत्र असेल तर?

मग पहिल्या वर्षी कर शून्य, पण तोट्याबद्दल कुणी पैसे परत देत नाही. तो पुढे ओढायचा. दुसऱ्या वर्षीचा ४८,००० करपात्र नफा त्यात जातो, तरी ६४,००० उरतात. तिसऱ्या वर्षी ते १,४४,००० मधून वजा झाल्यावर ८०,००० वर २४,००० कर बसतो. चौथ्या वर्षी ६०,४८० आणि पाचव्या वर्षी ४७,५२० (शिलकेचा तोटा पाचव्या वर्षी मिळतो असं धरून). एकूण कर १,३२,०००. सरळ रेषेनेही दरवर्षी २६,४०० प्रमाणे तेवढाच भरला असता.

असा एनपीव्ही २,९०० येतो. ७,१२० मधले ४,२२० केवळ वाट पाहण्यात गेले. इथे तो शून्याच्या वर राहिला हे या आकड्यांचं नशीब. पहिली चार-पाच वर्षं तोट्यातच जाणार असतील, तर वेगवान घसाऱ्याचा बराचसा फायदा कागदावरच राहतो. त्या काळात करसवलत असेल तर ती वजावट वायाही जाऊ शकते.

## ९. स्प्रेडशीटमध्ये टाकताना

सरळ रेषेला `SLN`, दुप्पट दराच्या घटत्या शिलकेला `DDB`. B1 मध्ये यंत्राची किंमत अधिक चिन्हाने आणि C2 ते C6 मध्ये करानंतरचे रोख प्रवाह असतील तर:

```
=SLN(1000000,0,5)
=DDB(1000000,0,5,1)
=NPV(10%,C2:C6)-B1
```

`DDB` मधला शेवटचा आकडा वर्षाचा. तिथे ५ घातलं की ५१,८४० मिळतात, पण ७७,७६० ची शिल्लक हे फंक्शन सांगत नाही, ती तुम्हालाच टाकायची. कायद्याने दिलेला दर १५ टक्क्यांसारखा वेगळा असेल तर फंक्शनच्या नादी लागू नका. शिल्लक गुणिले दर असा साधा तक्ताच करा, तो तपासायलाही सोपा जातो. `DB` मध्ये भंगार किंमत शून्य घातली तर ते पहिल्याच वर्षी सगळी किंमत घसाऱ्यात काढतं, कारण दर भंगार किमतीवरून काढला जातो.

`NPV` कंसातला पहिला आकडा एक वर्षानंतरचा समजतं. यंत्राची किंमत कंसात टाकली तर तिलाही एका वर्षाचा वटाव लागतो आणि सगळेच आकडे किंचित चुकतात. चूक लहान असल्यामुळे ती नजरेला येत नाही. आपल्या उदाहरणात डब्ल्यूडीव्हीचा एनपीव्ही ७,१२० ऐवजी ६,४७२ दिसू लागला, तर किंमत कंसात गेली आहे असं समजा.